अठरा मिनिटांचा सीटी स्कॅन: तपासणी केंद्रांमधल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांमध्ये नऊ तपासणी केंद्रं चालवणारी एक संस्था. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक आकडे मात्र तसेच ठेवले आहेत. प्रत्येक केंद्रावर सीटी मशीन आणि ते चालवणारा तंत्रज्ञ. स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट मुख्यालयात. अपघाताचा पेशंट रात्री अकराला आला तरी स्कॅन मुख्यालयात पोचून रिपोर्ट परत यायला हवा, हे त्यांचं रोजचं काम.

छातीचा एक सीटी म्हणजे साधारण 600 काप. एक काप 512 बाय 512 ठिपक्यांचा आणि ठिपक्याला दोन बाइट, त्यामुळे प्रत्येक कापाची डायकॉम, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या ठरलेल्या साच्यातली, फाइल अर्ध्या एमबीहून थोडी मोठी. सगळे मिळून 315 एमबीच्या आसपास.

केंद्रांवरचं इंटरनेट भरवशाचं नव्हतं. म्हणून फायली थेट मुख्यालयाच्या संगणकावर जात नसत. केंद्र जमेल तसं भाड्याच्या क्लाउड साठ्यात चढवायचं आणि मुख्यालय तिथून उतरवून घ्यायचं. दोन्ही टोकं एकाच वेळी जोडलेली असतीलच असं नाही. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले.

सुरुवातीलाच संस्थेच्या संचालकांनी मला विचारलं होतं, "साठ्याच्या पत्त्यात https आहे, मग वेगळं एन्क्रिप्शन कशाला?" प्रश्न रास्त होता. https च्या मागचं टीएलएस वाटेतल्या माणसापासून फाइल वाचवतं, पण ते साठ्याच्या दारापाशी संपतं. आत फाइल उघडी पडून राहते. साठ्याचा पासवर्ड फुटला किंवा कुणी चुकून फोल्डर सगळ्यांसाठी खुला केला, तर पेशंटचं नाव, वय आणि आजार कुणालाही वाचता येतो. म्हणून केंद्रावरून निघतानाच फाइल एन्क्रिप्शनने बंद करायची, म्हणजे किल्लीशिवाय ती वाचताच येणार नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. प्रश्न किल्लीचा होता.

अडचण

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा नऊही केंद्रांवर एकच पासवर्ड चालू होता. आज्ञा अशी:

```
openssl enc -aes-256-cbc -pbkdf2 -in kaap.dcm -out kaap.enc
```

हे एईएस नावाच्या पद्धतीचं सिमेट्रिक एन्क्रिप्शन: ज्या किल्लीने बंद करायचं, त्याच किल्लीने उघडायचं. वेगाबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. आजच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना असतात, त्यामुळे एक कोअरसुद्धा सेकंदाला एक जीबीच्या पुढे जातो. अख्ख्या सीटीचं एईएसचं काम अर्ध्या सेकंदाच्या आत उरकत होतं, खरा वेळ पासवर्डपासून किल्ली काढण्यात आणि डिस्कवर लिहिण्यातच जायचा.

मग एका केंद्रावरचा तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला. भांडून नाही, चांगली संधी मिळाली म्हणून गेला. पण पासवर्ड त्याच्या मोबाइलमधल्या जुन्या मेसेजमध्ये होता, आणि तो पासवर्ड नऊही केंद्रांच्या फायली उघडत होता. बदलायचं ठरलं. नवा पासवर्ड नऊ ठिकाणी पोचवायचा कसा? फोनवर सांगितला. एका ठिकाणी मोठ्या आणि लहान अक्षरांचा घोळ झाला आणि दोन दिवस तिथल्या फायली मुख्यालयात उघडेनात. एका केंद्राने नवा पासवर्ड पुन्हा मेसेजवरच मागून घेतला. साठ्यात पडलेल्या तीन महिन्यांच्या फायली तर जुन्याच पासवर्डच्या होत्या. त्या उतरवून, उघडून, नव्याने बंद करून परत चढवायला हव्या होत्या.

अल्गोरिदममध्ये इथे काहीच दोष नव्हता. सिमेट्रिक पद्धतीत गुपित दोन्ही टोकांना असावं लागतं, म्हणजे ते आधी कुठून तरी सुरक्षित पोचवावं लागतं. ते पोचवायला सुरक्षित वाट असती, तर फायलीही त्याच वाटेने पाठवता आल्या असत्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय प्रत्येक केंद्राला वेगळा पासवर्ड देण्याचा. हिशेब तसा वाईट नव्हता. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं असतं तर मुख्यालय धरून दहा ठिकाणांना 45 किल्ल्या लागल्या असत्या. इथे प्रत्येक केंद्र फक्त मुख्यालयाशी बोलतं, म्हणून नऊ पुरल्या असत्या. एक पासवर्ड फुटला तर नुकसान एकाच केंद्रापुरतं. हा पर्याय बराच वेळ विचारात होता, आणि हाताशी वेळ नसता तर मी तोच घेतला असता.

तो मागे पडला तो संस्थेतल्या ज्येष्ठ रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या एका प्रश्नामुळे. त्या म्हणाल्या, "केंद्राला फाइल पाठवून झाल्यावर ती परत उघडायची कधी वेळ येते का?" कधीच नाही. मूळ स्कॅन मशीनवर असतोच. मग केंद्रावरच्या संगणकाकडे उघडण्याची किल्ली असण्याचं कारणच काय? तो संगणक चोरीला गेला तर त्या केंद्राने पाठवलेलं सगळं त्यातल्या पासवर्डने उघडलं असतं. किल्ली कुणाकडे असायलाच नको, हा प्रश्न तोवर आम्ही कुणी विचारला नव्हता.

असिमेट्रिक एन्क्रिप्शन इथे उपयोगी पडतं. मुख्यालय किल्ल्यांची जोडी बनवतं. सार्वजनिक किल्ली नऊ केंद्रांना देतं, तिने फक्त बंद करता येतं. खाजगी किल्ली मुख्यालयाबाहेर जात नाही आणि उघडणं फक्त तिनेच होतं. केंद्रावर गुपित उरतच नाही. तंत्रज्ञ गेला, मोबाइल हरवला, संगणक चोरीला गेला, तरी बदलायला काही नाही.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

संस्थेचा तरुण प्रोग्रॅमर उत्साहाने कामाला लागला. त्याने आरएसए या असिमेट्रिक पद्धतीची 2048 बिटांची जोडी बनवली, शंभर अक्षरांचा मजकूर बंद करून मुख्यालयात उघडून दाखवला. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी खरा काप दिला, तेव्हा पडद्यावर आलं:

```
data too large for key size
```

आरएसए हा मुळात एका मोठ्या संख्येवरचा हिशेब आहे. 2048 बिटांची किल्ली म्हणजे 256 बाइट, आणि बंद करायचा मजकूर त्या एका संख्येत मावला पाहिजे. त्यातही काही जागा ओएईपी नावाच्या भरणीला जाते. ती नसेल तर एकाच मजकुराचं एन्क्रिप्शन दर वेळी तेच निघतं आणि अंदाज बांधून ताडून पाहता येतं. एसएचए-256 वापरणाऱ्या ओएईपीला 66 बाइट लागतात. उरले 190.

त्याने फाइलचे 190 बाइटांचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा आरएसएने बंद केला. एका कापाचे सुमारे 2,760 तुकडे, अख्ख्या सीटीचे साडेसोळा लाखांच्या वर. केंद्रावर याला अर्धा मिनिट लागत होता, म्हणून त्याला वाटलं की जमलं. मुख्यालयात तीच फाइल उघडायला अठरा मिनिटं लागली.

या फरकाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आरएसएची सार्वजनिक किल्ली वापरताना घातांक जवळजवळ नेहमी 65537 असतो, म्हणजे 2 चा सोळावा घात अधिक एक. संख्येचे सोळा वेळा वर्ग करायचे आणि एक गुणाकार करायचा, झालं. खाजगी घातांक मात्र पूर्ण लांबीची संख्या असते. संख्येचे घटक माहीत असल्यामुळे तिथे एक चलाखी करून काम कमी करता येतं, तरीही ते कितीतरी पटींनी जड राहतं. `openssl speed rsa2048` चालवून पाहिलं तेव्हा मुख्यालयाच्या संगणकावर एका कोअरला सार्वजनिक किल्लीच्या क्रिया सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास होत होत्या आणि खाजगी किल्लीच्या जेमतेम 1,500. साडेसोळा लाखांना दीड हजाराने भागलं की अठरा मिनिटं येतात. शिवाय 190 बाइटांच्या प्रत्येक तुकड्याचे 256 होत असल्याने 315 एमबीची रवानगी 425 एमबीच्या आसपास गेली होती, तीही तालुक्याच्या इंटरनेटवरून.

मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटचा स्कॅन अठरा मिनिटं उघडत राहणं कुणालाच मान्य नव्हतं. चार कोअर लावू, असं प्रोग्रॅमर म्हणाला. तोवर मी दुसरी चाचणी केली. बंद फाइलमधले दोन तुकडे आपापसांत बदलले आणि एक तुकडा दुसऱ्या कापातून उचलून घातला. फाइल विनातक्रार उघडली. प्रतिमेत 95 ठिपक्यांची एक पट्टी दुसऱ्या कापातली होती. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खरा होता, पण त्यांचा क्रम आणि ते एकाच फाइलचे आहेत ही गोष्ट कुणी बांधून ठेवलेलीच नव्हती. वेग कोअर वाढवून थोडा सुधारला असता, हा दोष सुधारला नसता. ही वाट तिथेच सोडली.

दुसरा निर्णय: लहान गुपित आरएसएला, मोठी फाइल एईएसला

उत्तर नवीन नव्हतं. 1991 साली फिल झिमरमन यांनी पीजीपी हे एन्क्रिप्शनचं साधन बाहेर आणलं तेव्हाही हीच रचना होती. प्रत्येक फाइलसाठी एक नवीन, यादृच्छिक सिमेट्रिक किल्ली जागच्या जागी तयार करायची. फाइल तिने बंद करायची, कारण तो वेग सिमेट्रिकलाच जमतो. मग ती 32 बाइटांची किल्ली मुख्यालयाच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून फाइलच्या आधी चिकटवायची. 190 बाइटांच्या मर्यादेत 32 बाइट आरामात बसतात. उघडताना आरएसएची जड क्रिया फाइलमागे एकदाच होते, एक मिलिसेकंदाहून कमी वेळात. बाकी सगळं एईएस.

पासवर्ड पोचवण्याची मूळ अडचणही यात संपते. गुपित प्रत्येक फाइलबरोबर प्रवास करतं, पण बंद पाकिटातून, आणि एका फाइलपुरतंच.

प्रोग्रॅमरने हे एईएस-जीसीएम वापरून आठवड्यात लिहिलं. जीसीएम बंद करताना शेवटी 16 बाइटांचा एक पडताळणी ठसा देतं. एक बाइट जरी बदलला तरी उघडताना फाइल नाकारली जाते. माझी तुकडे बदलण्याची चाचणी आता अडली. आम्ही हे दोन दिवसांत केंद्रांवर चढवणार होतो.

मग मी एकाच सीटीच्या दोन वेगवेगळ्या कापांच्या बंद फायली `xxd` या बाइट दाखवणाऱ्या साधनात शेजारी शेजारी उघडल्या. पाकिटाचा भाग संपल्यावरचे पहिले 132 बाइट दोन्हीकडे तंतोतंत सारखे होते.

डायकॉम फाइल 128 बाइटांच्या मोकळ्या जागेने सुरू होते. ती बहुधा शून्यांनी भरलेली असते आणि तिच्यामागे `DICM` ही चार अक्षरं येतात. मूळ मजकूर सारखा असणं ठीक आहे, पण बंद झाल्यावर तो सारखा दिसता कामा नये. दिसला याचा अर्थ किल्ली आणि नॉन्स ही जोडी दोन्ही फायलींना तीच वापरली होती. नॉन्स म्हणजे एका किल्लीखाली प्रत्येक वेळी वेगळी असायलाच हवी अशी 12 बाइटांची संख्या. प्रोग्रॅमरने वेळ वाचवायला एका सीटीच्या 600 कापांसाठी एकच किल्ली ठेवली होती, आणि नॉन्स प्रत्येक कापाला शून्यापासून सुरू केला होता. दोन बंद फायलींची एक्सऑर, म्हणजे बिटामागून बिट तुलना, घेतली की किल्लीचा परिणाम नाहीसा होतो आणि दोन मूळ मजकुरांची एक्सऑर हाती येते. डायकॉमच्या डोक्यातली पेशंटच्या माहितीची मांडणी ठरलेली असते, त्यामुळे पुढचं ओढून काढणं अवघड नाही. जीसीएममध्ये याहून वाईट म्हणजे नॉन्स परत वापरला की ठसा तयार करणारं गुपितही फुटू शकतं. मग खोटी फाइल खऱ्यासारखी पास होते.

चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या. फाइल बंद होत होती, उघडत होती, छेडछाड पकडली जात होती. हा दोष फक्त बंद फाइल डोळ्यांनी पाहिली म्हणून सापडला.

प्रोग्रॅमरला दुरुस्ती करायची होती, आणि ती दोन ओळींची होती. तरी मी स्वतःचं लिखाण थांबवायला सांगितलं. ज्याने हे लिहिलं तो हुशार होता. अडचण हुशारीची नव्हती, पुढची अशी चूक कोण पाहणार याची होती. आम्ही `age` हे खुलं साधन घेतलं. तिथे आरएसएऐवजी एक्स25519 ही वक्रावर आधारलेली पद्धत आहे आणि एईएसऐवजी चाचा20-पॉली1305, पण रचना हीच. प्रत्येक फाइलला नवीन किल्ली बनते. मजकूर 64 केबीच्या तुकड्यांत बंद होतो आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांकाशी बांधलेला ठसा असतो. शेवटच्या तुकड्यावर शेवट असल्याची खूण असते, त्यामुळे मागचा भाग कापला तरी कळतं. केंद्रावरची आज्ञा एवढीच उरली:

```
tar -cf - study | age -R mukhyalay.txt -o study.tar.age
```

`mukhyalay.txt` मध्ये दोन सार्वजनिक किल्ल्या ठेवल्या: एक रोजची, दुसरी अडीअडचणीची, जिची खाजगी जोडी पेन ड्राइव्हवर तिजोरीत. फाइल एकदाच बंद होते, फक्त तिची किल्ली दोन पाकिटांत जाते. दुसऱ्या पाकिटाचा भार सुमारे 100 बाइट. 315 एमबीची फाइल दोन वाचकांसाठी दोनदा बंद करावी लागत नाही, हा या रचनेचा मला सर्वांत आवडणारा भाग.

राहून गेलेला प्रश्न: ही किल्ली नक्की कुणाची?

सार्वजनिक किल्ली गुप्त ठेवायची गरज नाही, म्हणून ती ईमेलने पाठवायचं ठरलं. संचालकांची परवानगी घेऊन मी आधी एक प्रयोग केला. मुख्यालयाच्या पत्त्याशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून माझी स्वतःची सार्वजनिक किल्ली दोन केंद्रांना पाठवली: "कृपया ही नवी किल्ली बसवा." एका केंद्राने बसवली. त्या संध्याकाळचा त्यांचा चाचणीचा स्कॅन मी उघडू शकलो, मुख्यालय नाही.

गुपित पोचवण्याची गरज असिमेट्रिक पद्धतीने संपली होती, पण खात्री पोचवण्याची गरज तशीच होती. ब्राउझरसाठी हे काम प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था करतात. नऊ केंद्रांसाठी तेवढ्या पसाऱ्याची गरज नव्हती. सीटी मशीनच्या देखभालीला जाणारा संस्थेचाच माणूस किल्ली हातोहात घेऊन गेला आणि बसवल्यावर पडद्यावरची पूर्ण ओळ मुख्यालयाला फोनवर वाचून दाखवली.

उलट बाजूही होती. सार्वजनिक किल्ली कुणाच्याही हाती लागू शकते, म्हणजे साठ्यात घुसलेला कुणीही मुख्यालयाला उघडता येईल अशी खोटी फाइल ठेवू शकतो. म्हणून प्रत्येक केंद्राला सहीची स्वतःची जोडी दिली:

```
ssh-keygen -Y sign -f kendra_key -n ct-study study.tar.age
```

सही करतानाही तीच विभागणी. आधी अख्ख्या फाइलचा लहानसा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढला जातो आणि असिमेट्रिक हिशेब फक्त त्यावर होतो. केंद्राच्या संगणकावर आता पुन्हा एक गुपित आलं, हे खरं. पण ते चोरीला गेलं तर चोर त्या केंद्राच्या नावाने सही करू शकतो, कुणाचाही स्कॅन वाचू शकत नाही. मुख्यालयाच्या यादीतून त्या केंद्राची एक ओळ काढली की तेही थांबतं.

निकाल

मुख्यालयात 315 एमबीचा सीटी उघडायला दोन सेकंदांच्या आत लागतात, त्यात `tar` सोडवण्याचा आणि सही तपासण्याचा वेळही आला. रवानगीचा आकार मूळ आकाराहून नगण्य वाढतो. त्यानंतर दोन तंत्रज्ञ बदलले, आणि उघडण्याच्या किल्लीला हात लावावा लागला नाही. त्या केंद्रांच्या सहीच्या किल्ल्या नव्या बनवल्या. जुन्या पासवर्डच्या तीन महिन्यांच्या फायली साठ्यातून काढून टाकल्या, त्यांची मूळ प्रत मशीनच्या संग्रहात होतीच.

आज काय वेगळं केलं असतं

सर्वांत आधी, किल्ली कुणाकडे असायला नको हा प्रश्न पहिल्या बैठकीत मांडला असता. आम्ही आठवडाभर आरएसए की एईएस यावर बोललो. ती स्पर्धा नव्हतीच.

दुसरी गोष्ट मला आजही खटकते. टीएलएस 1.3 मध्ये दोन्ही बाजू समोरासमोर असतात. म्हणून दर जोडणीला दोघेही ताज्या, तात्पुरत्या किल्ल्या काढून त्यांतून गुपित ठरवतात आणि नंतर टाकून देतात. प्रमाणपत्राची किल्ली फक्त सहीपुरती. ती उद्या चोरीला गेली तरी कालचं रेकॉर्ड केलेलं संभाषण उघडत नाही. याच कारणासाठी 2018 च्या त्या मानकाने आरएसएच्या पाकिटातून गुपित पाठवण्याची जुनी पद्धत काढून टाकली. आमच्याकडे मुख्यालय त्या क्षणी हजर नसतं, त्यामुळे त्याची किल्ली टिकाऊच ठेवावी लागते. ती चोरीला गेली तर साठ्यातलं सगळं मागचं उघडेल. यावर आम्ही नंतर दोन उपाय केले: साठ्यातली फाइल 30 दिवसांनी पुसायची आणि मुख्यालयाची जोडी दरवर्षी बदलायची. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

तिजोरीतल्या किल्लीची चाचणीही आम्ही उशिरा घेतली. सहा महिन्यांनी पेन ड्राइव्ह काढला तेव्हा त्यावरचा पासफ्रेज ज्या एका माणसाला ठाऊक होता तो रजेवर होता. आता पासफ्रेज दोन वेगळ्या बंद लिफाफ्यांत आहे आणि दर तिमाहीला त्या किल्लीने एक फाइल उघडून पाहिली जाते.

एक काम अजून बाकी आहे. लहान मुलाचा आजचा स्कॅन पन्नास वर्षांनीही त्याचा खाजगी असतो. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर एक्स25519 आणि आरएसए दोन्ही मोडतील, आणि बंद फायली आज कॉपी करून ठेवणाऱ्याला फक्त थांबायचं आहे. सिमेट्रिक बाजूला तेवढी भीती नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये एमएल-केईएम हे नवं मानक प्रसिद्ध केलं, ते पाकिटाच्याच कामासाठी. आमच्या रचनेत बदलावं लागेल ते फाइलच्या आधीचं पाकीट. 315 एमबीचा मजकूर बंद करण्याची पद्धत तशीच राहील. पुढच्या वर्षी जोडी बदलताना हा बदल करायचा, असं संचालकांनी आणि मी ठरवलं आहे.